मुलाखतीला दारं कुठे ठेवायची

एक तास 47 मिनिटांची मुलाखत. बोलणारे काका एके काळी परळच्या गिरणीत विणकर होते. 1982 च्या संपानंतर ते भिवंडीत आले आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी इथल्या यंत्रमागावर काढली. चित्रण त्यांच्याच खोलीत झालं. मागच्या भिंतीपलीकडे माग चालू होते आणि त्यांचा खडखडाट शेवटपर्यंत ऐकू येतो. (काकांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.) हा व्हिडिओ ज्यांच्यासाठी केला, त्यांपैकी बहुतेकांनी तो पहिली सहा-सात मिनिटं पाहून बंद केला. त्यात भिवंडीची बिस्सी आहे, मोहल्ला समिती आहे, गिरणीतल्या आणि पत्र्याच्या शेडमधल्या मागाची तुलना आहे. पण हे सगळं कुठे आहे हे बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून प्रकरणं पाडायची ठरवली. व्हिडिओच्या भाषेत चॅप्टर म्हणजे कुठून कुठपर्यंत कोणता विषय, त्याचं शीर्षक आणि खाली दोन-तीन ओळींचा सारांश. काम दोन तासांचं वाटलं होतं, त्याला दोन दिवस लागले. त्या निमित्ताने हा प्रश्न आजवर कोणी कसा सोडवला तेही पाहता आलं. हा आढावा त्याचाच आहे.

आपल्याकडे याचं छापील रूप आधीपासून आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं इंग्रजी पुस्तक 2004 मध्ये आलं आणि पुढे ते ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीतही आलं. त्यात अनेकांच्या मुलाखतींचे तुकडे विषयांप्रमाणे बसवले आहेत. एकाचं बोलणं एका प्रकरणात येतं, त्याचंच दुसरं बोलणं भलत्याच प्रकरणात. पुस्तकाला हे करता येतं, कारण कागदावर तुकडा उचलून हलवता येतो. व्हिडिओत आपण काही हलवत नाही. माणूस ज्या क्रमाने बोलला तो क्रम तसाच राहतो, आपण फक्त मध्ये दारं ठेवतो. या कामातली अवघड जागा हीच. आठवण विषयवार येत नाही, आणि दार मात्र एकाच जागी ठेवावं लागतं.

मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न पहिल्यांदा भिडला तो अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 1994 मध्ये ती संस्था काढली आणि ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या लोकांच्या पन्नास हजारांहून अधिक मुलाखती चित्रित केल्या. सुरुवातीला तिथली माणसं मुलाखत ऐकत, विषय बदलला की तिथे रेघ मारत आणि प्रत्येक तुकड्याला सारांश लिहीत. काही हजार मुलाखती अशा झाल्यावर लक्षात आलं की या वेगाने आयुष्य पुरणार नाही. मग त्यांनी विषयाच्या सीमा शोधणंच सोडलं. प्रत्येक मिनिट हा एक तुकडा धरला आणि त्या मिनिटात जे आलं त्याचे ठरावीक शब्दसूचीतले शब्द त्याला जोडले. गाव, छावणी, भूक, भाऊ असे शब्द. शोधणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. पण मिनिटांची ती यादी वाचून मुलाखतीत काय आहे हे उमगत नाही. ज्याला काय शोधायचं हेच ठाऊक नाही अशा माणसाला ती आत घेत नाही.

केंटकी विद्यापीठाच्या नन सेंटरमध्ये डग बॉइड यांनी 2008 च्या सुमारास OHMS ही प्रणाली आणली, ती मधल्या वाटेने गेली. मुलाखतीचा अख्खा मजकूर उतरवायला वेळ आणि पैसा नसेल, तर निदान विषयसूची करा, असा तिचा व्यवहारी आग्रह आहे. ऐकणारा माणूस जिथे विषय बदलतो तिथली वेळ नोंदवतो, मग शीर्षक, त्या तुकड्याची पहिली एक-दोन वाक्यं जशीच्या तशी, सारांश आणि शोधशब्द भरतो. यातली ‘पहिली वाक्यं जशीच्या तशी’ या रकान्याची कल्पना मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपण ठेवलेलं दार कुठे उघडतं हे त्यावरून लगेच दिसतं. पहिलं वाक्य ‘मग त्यानं मला तिकडे नेलं’ असं असेल, तर दार चुकलं.

मुंबईत 2008 मध्ये सुरू झालेलं पॅड.मा हे चित्रफितींचं भांडार वेगळ्या तऱ्हेने विचार करतं. तिथे प्रत्येक नोंदीला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असतो. बोललेला मजकूर एका थरात, वर्णन दुसऱ्या, शोधशब्द तिसऱ्या. हे थर एकमेकांवर चढू शकतात. एकच चार मिनिटं ‘संप’ या नोंदीतही असतील आणि ‘बायकोचं काम’ या नोंदीतही. आठवणीच्या स्वभावाला ही रचना खरी जुळते. पण ती अभ्यासकाची रचना आहे. घरी मोबाइलवर पाहणाऱ्यासमोर शेवटी एकच पट्टी असते, आणि तिच्यावर एका ठिकाणी एकच प्रकरण बसतं.

ती पट्टी 2020 पासून यूट्यूबवर आहे. तिचे नियम मोजके: व्हिडिओखालच्या वर्णनात वेळा लिहायच्या, पहिली वेळ 00:00 असली पाहिजे, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि कोणतंही प्रकरण दहा सेकंदांपेक्षा लहान नको. यातला एक नियम मोडला तरी चूक दाखवली जात नाही, पट्टीवर प्रकरणं उमटतच नाहीत. बहुतेकदा पहिल्या ओळीत 00:00 ऐवजी 00:05 लिहिलेलं असतं, नाहीतर मधली एखादी ओळ मागेपुढे झालेली असते. आमची शेवटची यादी अशी झाली:

```
00:00 ओळख, आणि आजची खोली
04:50 गावाहून परळला
13:35 साचाखातं: गिरणीत विणकर कसा घडायचा
27:10 संप: जानेवारी 1982 नंतरचे महिने
39:25 भिवंडीला येणं आणि पहिला माग
52:40 बारा तासांची पाळी, मीटरवरची मजुरी
1:04:15 बिस्सी: जेवण, उधारी, सोबती
1:12:30 मे 1984 ची दंगल
1:21:05 मोहल्ला समिती आणि 1992-93 चा हिवाळा
1:30:20 पुन्हा संप: गिरणीत परत का गेलो नाही
1:36:45 खात्यातली हातवाऱ्यांची भाषा
1:42:10 माग गेले, गोदामं आली
```

ही यादी सरळ दिसते, पण तिथवर येताना तीन-चार ठिकाणी अडखळलो. ते अडखळणंच सांगण्यासारखं आहे.

पहिलं ऐकणं न थांबवता करायचं. हातात कागद असावा, पण त्यावर फक्त वेळ आणि एक शब्द. थांबून-थांबून ऐकलं की प्रत्येक वाक्य नवा विषय वाटू लागतं आणि शंभर रेघा पडतात. सलग ऐकताना जिथे आपलं आपल्याला ‘हे वेगळं सुरू झालं’ असं वाटतं, तेवढ्याच जागा धरायच्या. माझ्या पहिल्या यादीत एकोणीस जागा आल्या, माझ्या सहकाऱ्याच्या यादीत अकरा. आम्ही दोघांनी याद्या एकमेकांना न दाखवता केल्या होत्या. ताळा पाहिला तेव्हा आठ जागा अर्ध्या मिनिटाच्या आत जुळल्या. त्या आठांवर पुढे वादच झाला नाही. दोन माणसांनी वेगवेगळं ऐकून एकच जागा धरली, तर तिथे खरोखर सीमा आहे असं मानायला हरकत नाही. बाकीच्या जागांसाठी मात्र कारण द्यावं लागतं.

एक मोठा वाद 39:25 चा होता. सहकाऱ्याने तिथे नव्हे, तर 41:10 ला रेघ मारली होती. तिथे ‘भिवंडी’ हा शब्द पहिल्यांदा येतो, त्यामुळे जागा वरकरणी बरोबर वाटते. पण काका 39:25 लाच सुरुवात करतात. म्हणतात, “तर झालं काय, घरात दाणा नव्हता, आणि चाळीतला एक जण…” हा चाळीतला एक जण पुढे त्यांना भिवंडीला घेऊन येतो. 41:10 पासून ऐकणाऱ्याच्या कानावर पहिलं वाक्य पडतं, “तो म्हणाला, चल माझ्याबरोबर.” तो कोण? कळत नाही. मराठीत ‘तो’, ‘ते’, ‘तिकडे’, ‘त्या टायमाला’ हे शब्द बोलण्यात फार असतात, आणि यांतला एखादा शब्द प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात आला की मागे जाऊन पाहायचं, हा नियम आम्ही तिथून केला. परीक्षाही सोपी आहे. मुलाखत न पाहिलेल्या माणसाला प्रत्येक प्रकरणाची पहिली वीस सेकंदं ऐकवायची आणि विचारायचं, कोण बोलतंय, कशाबद्दल, कुठलं. तीनपैकी दोन उत्तरं आली तर दार बरोबर. आमच्या पहिल्या यादीतली पाच दारं या परीक्षेत पडली आणि पाचही वेळा रेघ मागे सरकवावी लागली. पुढे सरकवायची वेळ एकदाही आली नाही. विषयाचं नाव उच्चारलं जातं त्याच्या आधीच विषय सुरू झालेला असतो.

प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज प्रकरणात घ्यायचा की नाही, याचंही उत्तर इथेच मिळतं. प्रश्नाने विषय उघडला असेल तर रेघ प्रश्नाच्या आधी, एक-दोन सेकंदांचा श्वास सोडून. पण काका बऱ्याचदा प्रश्नाचं उत्तर न देता स्वतःच्या वाटेने गेले. अशा वेळी प्रश्नाला प्रकरणाचं तोंड केलं तर शीर्षक एक आणि ऐकू येतं भलतंच. 1:04:15 च्या आधी मुलाखतकाराने मजुरीबद्दल आणखी एक प्रश्न विचारला होता. काकांनी “ते असो” म्हटलं आणि बिस्सीचं बोलू लागले. रेघ ‘असो’नंतर आली.

बोलण्यातले असे लहान शब्द वाटाड्यासारखे असतात, पण त्यांचे अर्थ नीट धरावे लागतात. ‘असो’ म्हणजे एक गोष्ट मिटली. ‘तर झालं काय’ म्हणजे नवी गोष्ट उघडतेय. ‘हां, तर मी काय सांगत होतो’ हे ऐकायला नव्या सुरुवातीसारखं वाटतं, पण ते आडवाट संपवून जुन्या विषयावर परतणं असतं, तिथे रेघ मारली तर एक विषय विनाकारण दोन तुकड्यांत जातो. काकांच्या मुलाखतीत हे वाक्य तेरा वेळा आहे. माझ्या जादाच्या रेघांपैकी चार याच वाक्यावर पडल्या होत्या.

हेच काम यंत्राकडून करून घ्यायचे प्रयत्न तीस वर्षं चालू आहेत. मार्टी हर्स्ट यांनी 1990 च्या दशकात मांडलेली पद्धत अजूनही पायाची मानली जाते, आणि तिची कल्पना साधी आहे. मजकुरात एक जागा घ्या, तिच्या आधीचे काही शब्द आणि नंतरचे काही शब्द पाहा, दोन्हीकडे सारखे शब्द किती आहेत ते मोजा. विषय तोच असेल तर गिरणी, खातं, मुकादम हे शब्द दोन्हीकडे असतील. विषय बदलला की जुने शब्द ओसरतात आणि नवे येतात, त्या जागी सारखेपणा खाली जातो. मजकूरभर हे मोजत गेलं की चढ-उतारांचा एक आलेख मिळतो आणि त्यातल्या खोल दऱ्या म्हणजे विषयाच्या सीमा. आजची साधनं यापेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत, पण शब्दांच्या सारखेपणावरून सीमा ओळखणं हा गाभा बराचसा तोच आहे.

आता हे मराठी बोलण्याला लावून पाहा. ‘संप’ हा शब्द काकांच्या तोंडी संपात, संपानं, संपाच्या टायमाला, संपवाले अशा रूपांत येतो. यंत्राच्या लेखी हे चार वेगळे शब्द. म्हणून प्रत्यय कापून मूळ शब्दापर्यंत जावं लागतं. पण आंधळेपणाने कापलं तर ‘काम संपलं’, ‘पैसे संपले’ हेही संपातच जमा होतात. ‘माग’चं तर आणखी कठीण. मागावर, मागाचा, मागाला ही विणकराची रूपं. मागे, मागचा, मागून, मागितला ही सगळ्या जगाची. भिवंडीतल्या मुलाखतीत माग हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सगळ्यांत फसवा. आम्ही प्रत्यय कापून हर्स्ट यांची पद्धत लावून पाहिली, तेव्हा संपाचं प्रकरण आणि बारा तासांच्या पाळीचं प्रकरण यांच्यात भलताच सारखेपणा दिसला. कारण पाळीच्या प्रकरणात काका सारखं सांगतात की पाळी संपता संपत नसे.

दुसरा घोळ भाषा बदलण्याचा. भिवंडी एका भाषेची नाही. कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन विणकर आहेत, पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत. काका मराठीत बोलतात, पण शेठचं किंवा मुकादमाचं बोलणं सांगताना हिंदीत जातात आणि दोन-दोन मिनिटं तिथेच राहतात. शब्दांवर विसंबणाऱ्या पद्धतीला तिथे खोल दरी दिसते, कारण अचानक सगळे शब्द बदलले. विषय मात्र तोच, पहिल्या मागावरचा पहिला पगार. भाषा बदलली ती गोष्ट रंगली म्हणून. माणूस हे चटकन ओळखतो. यंत्राने सुचवलेल्या रेघांपैकी अशी रेघ ओळखायची खूण एकच: रेघेच्या दोन्ही बाजूंना प्रसंग तोच आहे का पाहायचं.

मजकूर आपोआप उतरवून घेताना आणखी एक धोका असतो. धोटा, कांडी, बीम हे खात्यातले शब्द साधनांना ओळखीचे नसतात, त्यामुळे ‘कांडी’च्या जागी ‘गाडी’ येते. हे निदान डोळ्यांना खुपतं. खुपत नाहीत ती कुणीच न उच्चारलेली वाक्यं. मागांचा आवाज चढला आणि काका क्षणभर थांबले, की उतरलेल्या मजकुरात तिथे व्याकरणाने शुद्ध, अर्थाने गुळगुळीत असं एखादं वाक्य उगवलेलं असतं. सारांश लिहिणारा जर व्हिडिओ न ऐकता मजकुरावरून लिहीत असेल, तर ते वाक्य काकांच्या नावावर कायमचं चढतं. म्हणून सारांशातलं प्रत्येक विधान कानाने तपासल्याशिवाय ठेवू नये. आमचा दुसरा दिवस बहुतेक यातच गेला.

रेघा बरोबर पडल्या की नाही हे मोजायचं कसं, यावरही अभ्यासकांचा बराच विचार झाला आहे. साधं मोजमाप असं: तज्ज्ञाच्या किती रेघा यंत्राने नेमक्या पकडल्या. पण त्यात पाच सेकंद चुकलेली रेघ आणि दहा मिनिटं चुकलेली रेघ सारखीच चूक ठरते, आणि हे अन्यायाचं आहे. म्हणून 2002 मध्ये पेव्हझ्नर आणि हर्स्ट यांनी सुचवलेल्या मोजमापात एक ठरावीक लांबीची खिडकी मजकुरावरून सरकवत नेतात आणि प्रत्येक ठिकाणी दोघांच्या रेघांची संख्या जुळते का पाहतात. जवळची चूक थोड्या खिडक्यांत दिसते, लांबची चूक पुष्कळ. कल्पना चांगली आहे. तरी मुलाखतीसाठी मला तिची एक मर्यादा जाणवते. तिच्या लेखी रेघ पुढे सरकणं आणि मागे सरकणं सारखंच. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते सारखं नाही. रेघ वीस सेकंद आधी पडली तर तो मागच्या विषयाचं शेपूट ऐकतो आणि पुढे जातो. वीस सेकंद उशिरा पडली तर त्याच्या हातून ‘तो’ कोण हे निसटतं.

आता शीर्षकं. मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, म्हणून ओळखीचा शब्द पुढे हवा. ‘बिस्सी: जेवण, उधारी, सोबती’ हे कापलं गेलं तरी ‘बिस्सी’ उरते. भिवंडीत घरापासून लांब राहणारे कामगार जिथे महिन्याच्या हिशोबाने जेवतात ती ही खानावळ. आम्ही आधी ‘खानावळ’ लिहिलं होतं, सगळ्यांना कळावं म्हणून. पण काका अख्ख्या प्रकरणात एकदाही खानावळ म्हणत नाहीत. ज्याला या शहराची माहिती आहे तो ‘बिस्सी’ शोधेल, ज्याला नाही त्याला सारांशातल्या पहिल्या वाक्यात अर्थ मिळेल. बोलणाऱ्याचा शब्द शीर्षकात, त्याचा अर्थ सारांशात, अशी वाटणी मग सगळीकडे ठेवली. ‘साचाखातं’ तसंच. गिरणगावात मागाला साचा म्हणत. काका गिरणीबद्दल बोलताना साचा म्हणतात आणि भिवंडीबद्दल बोलताना माग किंवा लूम. शब्दाचा हा बदल त्यांच्या आयुष्यातली सीमाच आहे, आणि शीर्षकांत तो जपला नसता तर पुसला गेला असता.

दंगलीच्या प्रकरणाने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. पहिलं शीर्षक नुसतं ‘दंगल’ होतं. भिवंडीत हे पुरत नाही. 7 मे 1970 ला इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादोन यांच्या आयोगाने केली. मे 1984 मध्ये पुन्हा झाली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. काका 1970 मध्ये इथे नव्हते, पण ऐकलेलं सांगतात आणि पाहिलेलंही सांगतात, कधी एकाच वाक्यात. म्हणून शीर्षकात महिना आणि वर्ष आलं, आणि ऐकीव भाग कुठला ते सारांशात लिहिलं. ते एके ठिकाणी म्हणतात, “संपाला वर्ष झालं आणि दंगल पेटली.” संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, म्हणजे दंगलीपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. हे सारांशात कसं लिहावं? गुपचूप दुरुस्त केलं तर त्यांनी जे म्हटलं ते लपतं. तसंच ठेवलं तर वाचणारा फसतो. आमचा सारांश असा झाला:

‘काका तेव्हा नारपोलीत राहत होते. दंगल संपानंतर वर्षभराने झाली असं ते सांगतात. ती मे 1984 मधली. शेडमध्ये अडकलेल्या कामगारांना तीन दिवस जेवण कुठून आलं, याची हकिगत. 1970 बद्दलचा भाग (1:15:40 पासून सुमारे दीड मिनिट) ऐकीव आहे.’

‘सांगतात’ हे क्रियापद सारांशभर राहिलं पाहिजे. ते गळलं की साक्ष निकालासारखी वाचली जाते. या प्रकरणात काका काही माणसांची नावं घेतात. ती आम्ही शीर्षकात, सारांशात आणि शोधशब्दांत, कुठेच घेतली नाहीत. बोलण्यात आलेलं नाव दोन तासांच्या प्रवाहात असतं. सारांशात आलं की ते शोधून सापडतं, आणि त्या साडेआठ मिनिटांचा दुवा एकटाच फिरू शकतो. प्रकरण पाडणं म्हणजे तुकडा सुटा करणं, हे इथे फार लख्ख जाणवलं. म्हणूनच पुढचं प्रकरण लगेच तिथून सुरू होतं याची खात्री केली: पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून इथे उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या, आणि डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली तेव्हा शांत राहिलेली भिवंडी. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की दंगल आणि समिती हे एकच प्रकरण करावं, म्हणजे कोणी अर्धंच ऐकणार नाही. मला ते पटत होतं. पण जवळजवळ अठरा मिनिटांच्या प्रकरणात समिती सापडली नसती. शेवटी दोन प्रकरणं ठेवली आणि दंगलीच्या सारांशाच्या अखेरीस ‘पुढे काय झालं ते 1:21:05 पासून’ अशी ओळ घातली.

हीच युक्ती संपालाही लागली. संप तीन ठिकाणी येतो. 27:10 ला त्याची मुख्य हकिगत आहे, 58 व्या मिनिटाच्या आसपास मजुरीच्या बोलण्यात तो डोकावतो, आणि 1:30:20 ला काका स्वतःहून परत त्याच्याकडे वळतात. मधल्या डोकावण्याला दार नको, ते दीड मिनिटाचं आहे आणि मजुरीशी बांधलेलं आहे. शेवटच्या वळणाला मात्र हवं, कारण तिथे ते संपाबद्दल काही नवीन सांगतात: गिरणी पुन्हा सुरू झाल्यावर बोलावणं आलं होतं, तरी ते गेले नाहीत. संपाच्या दोन्ही प्रकरणांच्या सारांशांत एकमेकांच्या वेळा लिहिल्या. पॅड.मासारखे एकावर एक थर इथे नसतील, तर निदान एका दारावर दुसऱ्याचा पत्ता तरी असावा.

यादी अशी तयार झाली आणि आम्ही ती काकांना वाचून दाखवली. प्रत्येक शीर्षक मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं. तोवर 1:36:45 चं प्रकरण आमच्या यादीत नव्हतंच. तिथे उतरवलेल्या मजकुरात जवळजवळ काही नाही, दोन-चार तुटके शब्द आणि मध्ये पन्नास सेकंदांची शांतता. माझ्या पहिल्या ऐकण्यातही ती जागा निसटली होती, कारण मी बराच भाग मोबाइल खिशात ठेवून, कानात लावून ऐकला होता. त्या भागाला ‘पुन्हा संप’मध्येच जमा केलं होतं.

काकांनी विचारलं, “आणि हाताचं कुठंय?”

परत जाऊन पाहिलं. त्या पन्नास सेकंदांत ते बोलत नाहीत, दाखवतात. खात्यात मागांच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून विणकर हातांनी आणि ओठांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मुकादम येतोय, चहा घेऊ. एकेक खूण ते कॅमेऱ्याकडे पाहून सावकाश करतात आणि शेवटी आपल्या कानाकडे बोट दाखवून हसतात. ऐकून काम करणाऱ्या कोणालाच, माणसाला किंवा यंत्राला, ही जागा सापडली नसती. शीर्षक त्यांनीच सांगितलं. सारांशात एकेक खूण आणि तिचा अर्थ लिहिला, आणि पहिली खूण दिसते ती नेमकी वेळही: 1:37:30.